उत्तर आले, पण त्यात केवळ माझेच जुने पत्र आहे: याला होकार समजावा का?

चाफा_मुलुंड | १५ मे, सकाळी ७:४०

मी मुलुंड पूर्वेतील २८ सदनिकांच्या एका गृहनिर्माण संस्थेची मानद सचिव आहे. आमच्या गच्चीतून गेली दोन वर्षे वरच्या मजल्यावरील चारही घरांत पाणी उतरते आहे, त्यामुळे पावसाळ्यापूर्वी गच्चीचे वॉटरप्रूफिंग उरकून घेण्याचे सर्वसाधारण सभेत ठरले. आम्ही निवडलेल्या कंत्राटदाराशी तोंडी बोलणी झाल्यावर मंगळवारी, १२ मे रोजी, मी त्यांना ईमेलने पत्र पाठवले. त्यात ३,४०० चौरस फुटांसाठी ९२ रुपये दर, ५ वर्षांची हमी आणि २० मेपासून कामाला सुरुवात, अशा तीन अटी स्वतंत्र ओळींत लिहून "या अटी मान्य असल्यास कृपया तसे कळवावे" अशी विनंती केली होती.

काल रात्री ११:४८ वाजता त्यांचे उत्तर आले. उघडून पाहिले तर वरचा भाग पूर्ण रिकामा होता आणि खाली राखाडी रंगाची तीन टिंबे होती. ती दाबल्यावर "१२ मे रोजी अमुक यांनी लिहिले" ही ओळ आणि त्याखाली माझेच पत्र दिसले. त्यांचा स्वतःचा एकही शब्द नाही, "होय" नाही, "नाही" नाही, खाली नावसुद्धा नाही.

आमचे खजिनदार म्हणतात की मौनं संमतिलक्षणम्, त्यांनी आपले पत्र जसेच्या तसे परत पाठवले म्हणजे ते मान्यच केले, तेव्हा रविवारच्या सभेत ३० टक्के आगाऊ रकमेचा, म्हणजे ९३,८४० रुपयांचा, धनादेश देऊन टाकावा. मला मात्र हे पटत नाही. रकमेचा प्रश्न आहे आणि पैसे सभासदांचे आहेत. असे रिकामे उत्तर का येते, आणि त्याचा अर्थ काय धरावा, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

लोकल८१२ | १५ मे, सकाळी ८:१५

ताई, यात काही गूढ नाही. रात्री पावणेबारा वाजता माणूस मोबाईलवर उत्तर लिहायला घेतो, बोट चुकून पाठवण्याच्या बाणावर पडते आणि पत्र तसेच निघून जाते. आमच्या कार्यालयात आठवड्याला असे एखादे पत्र येतेच. त्यांना फोन करा, पाच मिनिटांत उलगडा होईल.

चाफा_मुलुंड | १५ मे, सकाळी ८:३२

फोन केला होता. ते साइटवर आहेत आणि "मेल केला आहे ना मॅडम, बघून घ्या" एवढेच म्हणाले. म्हणजे त्यांच्या मते त्यांनी काहीतरी लिहिले आहे, आणि म्हणूनच मला अधिक काळजी वाटते.

गिरगावचे_आजोबा | १५ मे, सकाळी ९:०५

माझाही हाच त्रास आहे. मी माझ्या पुतण्याला दोन ओळींचे उत्तर लिहितो आणि त्याखाली आमचा वर्षभराचा सगळा पत्रव्यवहार आपोआप चिकटून जातो. तो हसतो. हे जुने पत्र चिकटणे कायमचे बंद कसे करावे, ते मलाही सांगावे.

टपालपेटी | १५ मे, सकाळी ९:५०

आजोबा, आपला प्रश्न थोडा वेगळा आहे, म्हणून आधी त्याचे उत्तर देतो. संगणकावर आउटलुक वापरत असाल तर त्याच्या पर्यायांत उत्तरासोबत मूळ पत्र न जोडण्याची सोय आहे. जीमेल वापरत असाल तर उत्तर लिहिताना तीन टिंबे दाबून जुना मजकूर उघडावा आणि निवडून खोडावा, हाच सोपा मार्ग आहे.

आता चाफाताईंच्या प्रश्नाकडे वळतो. मी अनेक वर्षे कंपन्यांच्या मेल सर्व्हरची देखभाल करतो आणि "उत्तर रिकामे आले" ही तक्रार मला चांगली परिचयाची आहे. लोकल८१२ म्हणतात तसे चुकून पाठवले जाणे हे एक कारण आहेच. परंतु पाठवणारा "मी लिहिले आहे" असे ठामपणे सांगत असेल, तर मजकूर पत्रातच कुठेतरी असण्याची शक्यता अधिक धरावी. माझ्या अनुभवात तो बहुधा पुढीलपैकी एका ठिकाणी सापडतो.

पहिली शक्यता अशी की त्यांनी उत्तर फोटोच्या किंवा जोडपत्राच्या रूपाने दिले आणि ते वाटेत गळले किंवा तुमच्याकडे दाखवले गेले नाही. दुसरी शक्यता अशी की पत्राचे दोन भाग असतात, एक साधा मजकूर आणि एक सजवलेला मजकूर, आणि त्यांच्या ॲपने नवा मजकूर त्यांपैकी एकाच भागात टाकला. तिसरी शक्यता सर्वांत जास्त आढळते आणि सर्वांत कमी तपासली जाते. पाठवणाऱ्याने आपले उत्तर वर न लिहिता तुमच्या जुन्या पत्राच्या आतच लिहिलेले असते. जुन्या मजकुरात बोट ठेवून टंकले की नवी अक्षरेही त्या उद्धृत भागाचाच हिस्सा बनतात, आणि मग वाचणाऱ्याचे जीमेल त्या सगळ्याला "हे जुनेच आहे" असे समजून तीन टिंबांमागे घडी घालून ठेवते.

म्हणून संगणकावर ते पत्र उघडावे, त्या पत्राच्याच उजव्या कोपऱ्यातील उभी तीन टिंबे दाबावीत आणि `Show original` निवडावे. जे पान उघडेल त्यात वरच्या भागात काय दिसते आणि खाली `Content-Type` या शब्दाने सुरू होणाऱ्या ओळी किती आहेत, ते येथे लिहावे. पत्त्यांचा भाग कृपया येथे चिकटवू नये.

सावध_सावंत | १५ मे, सकाळी १०:२०

मला वाटते येथे धोका वेगळाच आहे. चोरलेल्या पत्रपेटीतील जुनी पत्रे वापरून उत्तराच्या रूपाने बनावट पत्रे पाठवण्याची पद्धत गुन्हेगारांमध्ये जुनी आहे. ओळखीच्या विषयाखाली, तुमच्याच मजकुरासकट पत्र आले की माणूस विश्वास ठेवतो. कंत्राटदाराचा मेल कोणीतरी फोडला असावा. काहीही उघडू नका, थेट सायबर शाखेत तक्रार करा.

टपालपेटी | १५ मे, सकाळी १०:४५

सावंत साहेब, ही पद्धत आपण म्हणता तशी खरी आहे, आणि इमोटेट नावाच्या घातक प्रणालीने अशाच चोरलेल्या पत्रव्यवहाराच्या आधारे पुष्कळ उपद्रव दिला होता. परंतु त्या पत्रांत जुन्या मजकुरासोबत एखादी लिंक किंवा जोडपत्र असतेच, कारण त्यावर तुम्हाला बोट ठेवायला लावणे हाच त्यांचा हेतू असतो. येथे तसे काही नाही, आणि फोनवर कंत्राटदार स्वतः पत्र पाठवल्याचे सांगत आहेत. तरी पाठवणाऱ्याचा पत्ता अक्षर न् अक्षर जुळवून पाहावा, ही आपली सूचना मी उचलून धरतो.

चाफा_मुलुंड | १५ मे, दुपारी १:१०

ते पान उघडले. वर `SPF` आणि `DKIM` या दोहोंपुढे `PASS` असे आहे आणि पत्ता अक्षरशः त्यांचाच आहे. `Content-Type` च्या ओळी तीन आहेत: एक `multipart/alternative`, एक `text/plain` आणि एक `text/html`. फोटोचा किंवा जोडपत्राचा उल्लेख कोठेही दिसत नाही. खाली मात्र मराठीऐवजी बरोबरचे चिन्ह आणि इंग्रजी अक्षर-आकड्यांचे जंजाळ आहे, ते मला वाचता येत नाही.

`DKIM` च्या पुढे `PASS` आहे, म्हणजे पत्रात कोणी काही बदललेले नाही, असे समजावे ना? मग ते माझेच पत्र जसेच्या तसे आहे हेही त्यातून सिद्ध होते का?

टपालपेटी | १५ मे, दुपारी २:००

ताई, येथेच सगळ्यांची फसगत होते, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

`DKIM` ही पाठवणाऱ्याच्या सर्व्हरने पत्र बाहेर पडताना त्यावर लावलेली मोहोर आहे. ते पत्र तेथून निघाल्यानंतर तुमच्यापर्यंत येईपर्यंत वाटेत बदलले गेले नाही, एवढेच ती सांगते. त्या पत्रात खाली उद्धृत केलेला जो मजकूर आहे तो तुम्ही खरोखर लिहिलेल्या पत्राशी जुळतो की नाही, याविषयी ती काहीही सांगत नाही, कारण सर्व्हरच्या दृष्टीने संपूर्ण पत्र, वरचा रिकामा भाग आणि खालचे जुने पत्र धरून, पाठवणाऱ्यानेच लिहिलेले असते. "अमुक यांनी लिहिले" या ओळीखालचा मजकूर ही तुमच्या पत्राची त्यांच्या यंत्रावर तयार झालेली एक नक्कल असते आणि पाठवण्यापूर्वी ती वहीतल्या कच्च्या मसुद्याइतकीच खोडता आणि बदलता येते.

तेव्हा माझी विनंती अशी. त्यांच्या उत्तरातील उद्धृत मजकूर पडद्यावरून कॉपी करून एका कोऱ्या फाइलमध्ये ठेवावा, आणि तुमच्या `Sent` मधील १२ मेच्या पत्राचा मजकूर दुसऱ्या फाइलमध्ये ठेवावा. मग वर्डमधील दोन दस्तऐवजांची तुलना करण्याची सोय वापरावी, किंवा दोन्ही फाइली शेजारी लावून प्रत्येक ओळ बोटाने धरून मोठ्याने वाचावी. डोळ्यांनी वरवर वाचू नये, कारण आपण स्वतः लिहिलेले पत्र वाचताना आपण ते वाचत नसतो, आठवत असतो. ते जंजाळ मात्र तुलनेसाठी वापरू नये. त्यात लांब ओळी मध्येच `=` लावून तोडलेल्या असतात आणि दोन यंत्रे त्या वेगवेगळ्या ठिकाणी तोडतात, त्यामुळे नसलेले फरक दिसू लागतात.

चाफा_मुलुंड | १५ मे, दुपारी ४:२५

मी सांगितल्याप्रमाणे केले, आणि हात थरथरत हे लिहिते आहे.

माझ्या पत्रातील दुसरी अट "हमी: ५ वर्षे" अशी होती. त्यांच्या उत्तरातील माझ्या पत्रात ती "हमी: ३ वर्षे" अशी आहे. बाकी नमस्कारापासून माझ्या सहीपर्यंत एका स्वल्पविरामाचाही फरक नाही. मी काल रात्रीपासून ते पत्र निदान सहा वेळा वाचले होते आणि एकदाही माझ्या लक्षात आले नाही.

लोकल८१२ | १५ मे, दुपारी ४:४०

बोट चुकले असावे, एवढे म्हणून मी मोकळा झालो होतो. ताई, एक शंका मात्र विचारतो. तुम्ही याआधी त्यांना एखादे पत्र पाठवले होते का, ज्यात हमी ३ वर्षांची होती? तसे असेल तर त्यांनी त्या जुन्या पत्राला उत्तर दिले असण्याची शक्यता आहे.

टपालपेटी | १५ मे, सायंकाळी ५:०५

शंका योग्य आहे आणि ती तपासता येते. प्रत्येक पत्राला `Message-ID` नावाचा स्वतःचा क्रमांक असतो आणि उत्तरात `In-Reply-To` या ओळीत ते ज्या पत्राचे उत्तर आहे त्याचा क्रमांक लिहिलेला असतो. ताई, आपल्या १२ मेच्या पत्राचेही `Show original` उघडून हे दोन क्रमांक जुळतात का ते पाहावे.

आणखी एक तपासणी करावी. त्या जंजाळात `text/plain` च्या भागात ती हमीची ओळ शोधून फक्त "वर्षे" या शब्दाजवळचा तुकडा येथे द्यावा, आणि तोच तुकडा `text/html` च्या भागातही पाहावा.

चाफा_मुलुंड | १५ मे, सायंकाळी ६:३०

दोन्ही क्रमांक तंतोतंत जुळतात, म्हणजे ते माझ्या १२ मेच्या पत्राचेच उत्तर आहे. एप्रिलमध्ये एक पत्र पाठवले होते, पण त्यात केवळ गच्चीची पाहणी करण्याची विनंती होती, हमीचा उल्लेखही नव्हता. तुकडा असा आहे:

```
> =E0=A5=A9 =E0=A4=B5=E0=A4=B0=E0=A5=8D=E0=A4=B7=E0=A5=87
```

दुसऱ्या भागातही हाच आहे, फक्त सुरुवातीचे `>` नाही.

टपालपेटी | १५ मे, सायंकाळी ७:१५

हे पत्र ज्या पद्धतीने गुंडाळलेले आहे ती डोळ्यांनी वाचता येण्यासारखी आहे, हे आपले सुदैव. पुष्कळदा मराठी पत्रे बेस६४ पद्धतीने गुंडाळली जातात आणि मग उलगडल्याशिवाय काहीच कळत नाही.

देवनागरीचे प्रत्येक अक्षर येथे तीन तुकड्यांचे होते आणि ते नेहमी `=E0=A4` किंवा `=E0=A5` ने सुरू होते. या ओळीतील पहिला त्रिकूट `=E0=A5=A9` म्हणजे ३ हा आकडा आहे. तो ५ असता तर `=E0=A5=AB` दिसला असता. त्यापुढील पाच त्रिकूट म्हणजे व, र, हलन्ताचे चिन्ह, ष आणि एकाराची मात्रा, अर्थात "वर्षे".

हा आकडा दोन्ही भागांत सारखाच बदललेला आहे, यावरून मी असे अनुमान काढतो की पत्र गुंडाळताना किंवा वाटेत ही चूक झालेली नाही. यंत्राच्या बिघाडाने मराठी बिघडते तेव्हा प्रश्नचिन्हे किंवा चौकोन दिसतात, एका आकड्याच्या जागी दुसरा अर्थपूर्ण आकडा येत नाही. त्यांच्या बाजूला, पत्र पाठवण्यापूर्वी, कोणीतरी ५ खोडून ३ टंकला आहे. तो फसवणुकीच्या हेतूने टंकला की दुरुस्ती म्हणून, हे मात्र कोणत्याही तांत्रिक तपासणीतून कळणार नाही. कागदावरच्या कोटेशनमध्ये आकडा खोडून वर दुसरा लिहिण्याची सवय असलेली माणसे ईमेलमध्येही तसेच करतात, पण कागदावर खोडलेला आकडा दिसत राहतो आणि येथे तो दिसत नाही.

दिंडोशी_वकील | १५ मे, रात्री ९:००

हा धागा दुपारपासून वाचते आहे. आता तथ्ये स्पष्ट झाल्यामुळे कायद्याच्या बाजूने दोन गोष्टी सांगते.

खजिनदारांनी "मौनं संमतिलक्षणम्" म्हटले, त्यात एवढेच ग्राह्य आहे की पत्र पोहोचल्याचा पुरावा मिळाला. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम १२ नुसार, पोच कशी द्यावी हे आधी ठरलेले नसेल तर पत्र मिळणाऱ्याने केलेला कोणताही संदेश किंवा तसे दर्शवणारी कृती ही पोच ठरू शकते. रिकामे उत्तर म्हणजे फार तर "तुमचे पत्र मिळाले". अटी स्वीकारणे ही स्वतंत्र गोष्ट आहे. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७ नुसार स्वीकृती पूर्ण आणि बिनशर्त असावी लागते. येथे तर एक अट बदलून पत्र परत आले आहे, त्यामुळे ही स्वीकृती नसून त्यांचा नवा प्रस्ताव आहे, असेच मी म्हणेन.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. त्याच कायद्याच्या कलम ८ प्रमाणे प्रस्तावातील अटीनुसार कृती करणे हीसुद्धा स्वीकृती ठरू शकते. म्हणजे हे ३ वर्षांचे पत्र तुमच्या पेटीत आल्यानंतर, काही हरकत न घेता, संस्थेने ९३,८४० रुपयांचा धनादेश दिला असता, तर उद्या चौथ्या वर्षी गच्ची गळू लागल्यावर "तुम्ही माझा प्रस्ताव वाचून आगाऊ रक्कम दिली" असे म्हणण्यास त्यांना जागा मिळाली असती. तेव्हा ताई, लेखी खुलासा येईपर्यंत धनादेश थांबवावा.

सावध_सावंत | १५ मे, रात्री ९:२०

वकीलताई, पण मग बाकीच्या दोन अटींचे काय? दर आणि तारीख त्यांनी बदललेली नाही. एक बदलून बाकीच्या तशाच ठेवल्या म्हणजे त्या वाचून मान्य केल्या, असा अर्थ निघत नाही का?

दिंडोशी_वकील | १५ मे, रात्री ९:४५

तसा युक्तिवाद करता येईल, आणि समोरचा वकील त्याला विरोधही करू शकेल, कारण जुना मजकूर यंत्र आपोआप जोडते आणि तो तसाच राहणे ही माणसाची कृती नसते. ज्या ओळीला हात लावला तेथे हेतू दिसतो, ज्या ओळीला लावला नाही तेथे तो दिसतो असे खात्रीने म्हणता येत नाही. माझे स्वतःचे मत दुसऱ्या बाजूला झुकते, पण यावर दोन मते होऊ शकतात.

टपालपेटी | १६ मे, सकाळी ८:१०

ताई, आज एवढे करून ठेवावे. `Show original` च्या पानावर `Download Original` असा पर्याय आहे, तेथून त्यांचे उत्तर आणि तुमचे १२ मेचे पत्र अशा दोन्ही मूळ फाइली उतरवून घ्याव्यात आणि त्यांना हात न लावता जपून ठेवाव्यात. छापील प्रतीत वरच्या ओळी आणि क्रमांक राहत नाहीत. पत्र पुढे कोणाला पाठवले तरी तेही एक नवे पत्र होते, मूळ राहत नाही.

दिंडोशी_वकील | १६ मे, सकाळी ८:४०

यास दुजोरा देते. वेळ आली तर न्यायालयात इलेक्ट्रॉनिक नोंद सादर करण्यासाठी भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र द्यावे लागते, आणि त्यासाठी मूळ फाइल हाताशी असलेली बरी.

चाफा_मुलुंड | १७ मे, रात्री १०:१५

आज सभा झाली. दोन्ही पत्रे मोठ्या अक्षरांत शेजारी-शेजारी छापून मी समितीपुढे ठेवली आणि प्रत्येकाला फरक शोधण्यास सांगितले. सातपैकी दोघांनाच तो सापडला. खजिनदारांनी स्वतःहून धनादेश थांबवण्याचा ठराव मांडला.

सभेआधी मी कंत्राटदारांना नवे पत्र पाठवले होते. जुन्या पत्राला उत्तर न देता कोऱ्या पत्राने सुरुवात केली, त्यात तीन अटी लिहिल्या, हमीपुढे आकडा आणि अक्षर दोन्ही दिले, आणि "प्रत्येक अटीपुढे मान्य किंवा अमान्य असे आपल्या शब्दांत, पत्राच्या वरच्या भागात लिहावे" अशी विनंती केली. सायंकाळी त्यांचा फोन आला. त्यांच्या सांगण्यानुसार पत्र त्यांच्या मुलाने पाठवले, वॉटरप्रूफिंगच्या रसायनाच्या कंपनीकडूनच ३ वर्षांची हमी मिळते म्हणून त्याने आकडा "दुरुस्त" केला, आणि दुरुस्ती केली हे वेगळे लिहावे लागते याची त्याला कल्पना नव्हती. त्यांच्या आवाजात मला खोटेपणा जाणवला नाही, परंतु समितीतील दोघांना हा खुलासा पटलेला नाही.

लेखी उत्तर अजून आलेले नाही. हमी ३ वर्षांचीच राहिली तर दर कमी करून घ्यावा की दुसऱ्या कंत्राटदाराकडे जावे, यावर बुधवारी पुन्हा बसणार आहोत. २० मेची तारीख आता हुकणार हे दिसते आहे, आणि वरच्या चार घरांना ते सांगण्याचे काम माझ्याकडे आहे.